फी माफ झाली, पण केवढ्याला?

शंकेखोर: अडीच हजारांची वार्षिक फी वाचवायची म्हणून वर्षात चार लाख रुपये कार्डावरून खर्च करायचे, हे गणित मला कोणी कितीही समजावलं तरी पचत नाही. एचडीएफसीच्या रेगालिया गोल्ड कार्डाची अट साधारण अशीच आहे. स्टेट बँकेच्या सिम्प्लीक्लिकला 499 रुपयांची फी माफ व्हायला एक लाख खर्च लागतो. कॅशबॅक कार्डाला 999 साठी दोन लाख लागतात. म्हणजे फीच्या दीडशे ते दोनशे पट खर्च करा, मग आम्ही फी सोडतो, असं बँक म्हणते. ज्याला स्वतःचं नुकसान करून घ्यायचं नसतं तो असा आकडा उगाच ठरवत नाही. आकडा बँकेच्या सोयीचा आहे, आणि आपण तो गाठला की जिंकल्यासारखं नाचतो.

हौशी: आकडा बँकेच्या सोयीचा आहे हे मान्य. तुम्ही दुकानात कार्ड वापरता तेव्हा दुकानदाराच्या पैशातून जे कमिशन कापलं जातं, त्याचा मोठा वाटा कार्ड देणाऱ्या बँकेला जातो. चार लाखांच्या खरेदीवर तिला नुसता एक टक्का सुटला तरी चार हजार झाले. मग अडीच हजारांची फी सोडून ती उपाशी मरत नाही. पण बँकेचा फायदा झाला म्हणजे माझा तोटाच झाला, असं कुठे आहे? मी हैदराबादला कोंडापूरमध्ये राहतो. किराणा, मुलांचे कपडे, गाडीची सर्व्हिसिंग, पुण्याला जायची तिकिटं, हा खर्च व्हायचाच आहे. तो यूपीआयने, डेबिट कार्डाने किंवा रोखीने करण्याऐवजी एकाच क्रेडिट कार्डाकडे वळवला तर वर्षअखेरीला फी आपोआप सुटते. मी जास्त खर्च करत नाही, खर्चाची वाट बदलतो.

शंकेखोर: वाट बदलायलाही पैसे पडतात. तुमच्याच कॉलनीतला किराणावाला क्यूआर कोड पुढे करतो, कार्डाचं मशीन त्याच्याकडे नसतंच. मशीन असलेला सोनार कार्ड म्हटलं की दोन टक्के वर मागतो. म्हणून तुम्ही जवळचं दुकान सोडून मॉलमध्ये जाता आणि तिथे यादीत नसलेल्या चार गोष्टी टोपलीत पडतात. शिवाय तुमच्याकडे दुसरं कार्ड असेल, समजा आयुष्यभर बिनफीचं, आणि ते त्याच खरेदीवर जास्त परतावा देत असेल, तर तो परतावा तुम्ही सोडला. तो कुठल्याच स्टेटमेंटमध्ये दिसत नाही, म्हणून तो गेला असं वाटतही नाही.

हौशी: म्हणूनच मी म्हणतो, आधी हिशेब मांडायला शिका. माझा गेल्या खेपेचा हिशेब घ्या. कार्डाची फी 2,500, त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे एकूण 2,950 रुपये. माफीची अट चार लाख. सप्टेंबरअखेर सगळ्या स्टेटमेंटची बेरीज 3 लाख 62 हजार निघाली. कार्डाचं वर्ष नोव्हेंबरमध्ये संपत होतं. मला वाटलं, 38 हजारच राहिले, दिवाळीची खरेदी आणि विम्याचा हप्ता धरला की झालं काम.

शंकेखोर: आणि झालं नाही.

हौशी: अटींचा कागद उघडून बसलो आणि एकेक रक्कम खोडत गेलो. तीन महिन्यांचं घरभाडं ॲपवरून कार्डाने भरलं होतं, 28 हजारांप्रमाणे 84 हजार. ते धरत नाहीत. वॉलेटमध्ये टाकलेले 24 हजार धरत नाहीत. एक टीव्ही घेतला आणि परत केला, त्याचे 32 हजार परत आले. खरेदीच्या महिन्यात ते बेरजेत चढले होते, परत आल्यावर उतरले पाहिजेत, ते मी उतरवले नव्हते. सगळं वजा केल्यावर उरले 2 लाख 22 हजार. म्हणजे 38 हजार नाही, 1 लाख 78 हजार कमी पडत होते.

शंकेखोर: बघा, आता इथे थांबू. 2,950 वाचवायला दीड महिन्यात 1 लाख 78 हजारांचा खर्च उभा करायचा. या रकमेत नको असलेली खरेदी किती झाली तर वाचलेलं सगळं वाहून जातं? 2,950 ला 1,78,000 ने भागा. शंभर रुपयांमागे फक्त 1 रुपया 66 पैसे. शंभरातले 98 रुपये अगदी खऱ्या गरजेचे असले आणि दोन रुपये उगाच गेले, तरी तुम्ही तोट्यात. सोनाराने दोन टक्के लावले तर 3,560 रुपये तिथेच गेले. आणि एवढा खर्च एकदम केल्यावर पुढच्या महिन्यात बिल पूर्ण भरता आलं नाही, लाखभर रुपये मागे राहिले, तर दरमहा साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज, त्यावर पुन्हा जीएसटी. एका महिन्याचे चार हजारांवर होतात. फी वाचवण्याच्या नादात फीपेक्षा मोठं व्याज भरणारे लोक असतात, ते मात्र ही गोष्ट कोणाला सांगत नाहीत.

हौशी: म्हणून मी तो खर्च उभा केलाच नाही. विम्याचा हप्ता तेवढा भरला, कारण तो तसाही डिसेंबरात भरायचाच होता आणि माझ्या कार्डावर तो धरतात हे आधी पाहून घेतलं होतं. बाकी सोडून दिलं. पण तुमच्या हिशेबातून एक उलटा नियम निघतो, तो तुम्ही सांगत नाही. तुम्हाला फक्त वीस हजार कमी पडत असतील तर त्याच भागाकाराने शंभरामागे जवळजवळ पंधरा रुपये वाया गेले तरी तुम्ही बरोबरीत. म्हणजे लक्ष्याच्या अगदी जवळ असताना प्रयत्न करण्यात अर्थ आहे, लांब असताना नाही. आणि लक्ष्याच्या जवळ आहोत की लांब, हे स्टेटमेंटच्या बेरजेवरून कळत नाही, वगळलेल्या खर्चांच्या यादीवरून कळतं.

शंकेखोर: ती यादी तर दर वर्षी लांबतच चालली आहे. आयसीआयसीआयने 15 नोव्हेंबर 2024 पासून भाडं, सरकारी भरणा आणि शिक्षणाचा खर्च फीमाफीच्या गणतीतून काढला. म्हणजे आपल्या हैदराबादच्या मध्यमवर्गीय घरात जे तीन मोठे खर्च असतात, घरभाडं, शाळेची फी आणि जीएचएमसीचा मालमत्ता कर, ते तिन्ही गेले. एप्रिलमध्ये आगाऊ कर भरून पाच टक्के सूट घ्यायची आणि त्याच रकमेने कार्डाचं लक्ष्यही गाठायचं, हा दुहेरी बेत अशा कार्डांवर संपला. भाड्याचं तर विचारूच नका. सप्टेंबर 2025 मध्ये रिझर्व्ह बँकेचे पेमेंट ॲग्रीगेटरांसाठीचे नवे नियम आले आणि मोठमोठ्या ॲपनी कार्डावरून भाडं घेणंच बंद केलं. जे सहज मोठं होतं ते वगळायचं आणि छोटं छोटं गोळा करायला लावायचं, हा डाव आहे.

हौशी: डाव म्हणा, पण त्यामागचं कारण समजून घ्या, म्हणजे पुढची यादीही ओळखता येईल. जिथे बँकेला कमिशन थोडं सुटतं, किंवा जिथे लोक पैसे नुसते फिरवून आकडा फुगवतात, ते खर्च आधी बाहेर जातात. मित्राच्या खात्यात 'भाडं' भरायचं आणि त्याने ते रोख परत द्यायचं, वॉलेट भरायचं आणि वॉलेटमधून बँकेत परत घ्यायचं, हे उद्योग लोकांनी एवढे केले की बँकांनी दार लावून घेतलं. कपडे, प्रवास, हॉटेल, इलेक्ट्रॉनिक्स, सुपरमार्केट हे बहुधा धरले जातात. ईएमआय, इंधन, विमा यांच्याबाबत प्रत्येक कार्डाचं वेगळं आहे. अट वाचायला पाच मिनिटं लागतात. पण माणसं पॉइंटचा तक्ता वाचतात आणि वगळलेल्यांची यादी सोडून देतात.

शंकेखोर: आणि वाचली तरी तारीख चुकते. लोकांना वाटतं वर्ष म्हणजे जानेवारी ते डिसेंबर, किंवा एप्रिल ते मार्च.

हौशी: हो, ही दुसरी ठेच. वर्ष कार्डाचं असतं, ते ज्या महिन्यात मिळालं तिथून मोजायचं. त्यातही तुम्ही कार्ड कधी घासलं याला अर्थ नाही, रक्कम खात्यावर कधी पक्की चढली याला आहे. शेवटच्या दिवशी केलेली खरेदी दोन-तीन दिवसांनी चढली तर ती पुढच्या वर्षात मोजली जाते. म्हणून शेवटचा आठवडा रिकामा ठेवावा, आणि महिनाभर आधी ग्राहक सेवेला ईमेल करून विचारावं की फीमाफीसाठी आतापर्यंत किती रक्कम धरली आहे. फोनवर विचारलं तर सांगणारा पुष्कळदा तुमच्याच ॲपमधली बेरीज वाचून दाखवतो. ईमेलचं उत्तर हाताशी राहतं.

शंकेखोर: हाताशी राहून उपयोग काय? शेवटी मर्जी बँकेची.

हौशी: इथेच मोठा फरक आहे. अट पूर्ण केली आणि तरीही फी लागली, तर ती मर्जीची गोष्ट राहत नाही. बँकेने स्वतः लिहून दिलेली अट तिनेच पाळलेली नाही. आधी बँकेकडे लेखी तक्रार करा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, 2021 पासून त्यासाठी एकच एकत्रित योजना आहे. पण अट पूर्ण न करता नुसती फी सोडा म्हणून मागत असाल, तर तो बँकेचा व्यावसायिक निर्णय आहे आणि लोकपाल अशा निर्णयात हात घालत नाही. एक हक्क आहे, दुसरी विनंती. लोक दोन्हींसाठी एकाच सुरात भांडतात आणि दोन्हीकडे हरतात.

शंकेखोर: मग फी सोडा म्हणून बँकेशी फोनवर केलेली घासाघीस विनंतीतच मोडते. लाड बाजारात बांगड्यांचा भाव पाडताना आपण चार पावलं चालू लागतो आणि दुकानदार मागून हाक मारतो. इथे बँकेने हाक मारली नाही तर?

हौशी: नाही मारली तर कार्ड बंद. म्हणूनच हा डाव फक्त खरंच सोडायची तयारी असणाऱ्याने खेळावा. माझ्या पाहण्यात विनंती चालते ती साधारण अशा ग्राहकाची: वर्षभर कार्ड वापरलंय, बिल दर महिन्याला पूर्ण भरलंय, लक्ष्याच्या जवळ येऊन थोडक्यात चुकलाय, आणि गेल्या वर्षी अशीच सूट घेतलेली नाही. त्याच बँकेत पगाराचं खातं असेल तर आणखी बरं. वेळ महत्त्वाची. फी स्टेटमेंटवर चढली की बिलाची शेवटची तारीख यायच्या आत फोन करावा. पलीकडचा माणूस स्वतःच्या डोक्याने काही देत नाही, त्याच्या पडद्यावर तुमच्यासाठी जे पर्याय उघडतात तेवढेच देतो. कधी पूर्ण माफी, कधी अर्धी, कधी 'पुढच्या दोन-तीन महिन्यांत इतका खर्च करा, मग उलटवू'. पहिल्या माणसाच्या पडद्यावर काही नसेल तर 'कार्ड बंद करायचं आहे' म्हटल्यावर ग्राहक टिकवणाऱ्या विभागाकडे फोन जातो, आणि तिथे कधी कधी वेगळे पर्याय असतात.

शंकेखोर: आणि चालत नाही तेव्हा?

हौशी: पहिल्या वर्षाची जॉइनिंग फी सहसा सुटत नाही, कारण तिच्या बदल्यात तुम्ही व्हाउचर किंवा पॉइंट घेतलेले असतात. ज्या कार्डांवर फी भरली की दरवर्षी पॉइंट मिळतात, तिथेही तेच. पॉइंट घेऊन फी परत मागितली तर पॉइंट परत जातात. वर्षभर कपाटात पडलेल्या कार्डावर बँकेला काही गमावण्यासारखं नसतं, ती खुशाल म्हणते, करा बंद. आणि कार्डावर ईएमआय चालू असेल तर तुमच्या धमकीत दम नाही हे तिलाही दिसतं, कारण बंद करण्याआधी ती सगळी रक्कम तुम्हालाच चुकती करावी लागणार.

शंकेखोर: धमकी खरी ठरली तर काय होतं, तेही सांगा. रिझर्व्ह बँकेने 21 एप्रिल 2022 ला कार्डांविषयी निर्देश काढला. बाकी काही देणं नसेल तर बंद करण्याची विनंती सात कामकाजाच्या दिवसांत पूर्ण करायची, नाहीतर बँकेने उशिराच्या दर दिवसाला 500 रुपये ग्राहकाला द्यायचे. म्हणजे तुम्ही उगाच बंद करा म्हणालात आणि त्यांनी ऐकलं, तर परतीचं दार लवकर बंद होतं. साठलेले पॉइंट न वापरता गेले. त्या कार्डाची लाखांची मर्यादा गेली, मग उरलेल्या कार्डांवरचा तोच खर्च मर्यादेच्या मोठ्या हिश्शात दिसू लागतो, आणि सिबिलच्या गुणांना ते आवडत नाही. घरासाठी कर्ज घ्यायच्या तोंडावर असला जुगार खेळू नये. घासाघीस चालू आहे म्हणून बिलच थकवणारे तर आणखी वेगळे. फी वादात आहे म्हणून 2,950 भरले नाहीत, तर पूर्ण बिल न भरल्यासारखं होतं आणि बाकीच्या खरेदीवरही व्याज चढतं.

हौशी: ते शंभर टक्के बरोबर. बिल पूर्ण भरायचं, तक्रारीचा क्रमांक घ्यायचा, आणि माफी मिळाली तर ती पुढच्या स्टेटमेंटमध्ये जमा म्हणून पाहायची. पाहताना फीसोबत जीएसटीचे 450 रुपयेही उलटलेत ना, हेही तपासायचं. पण याच निर्देशात तुमच्या सोयीचंही एक कलम आहे. फीची किंवा माफीची अट बँकेला बदलायची असेल तर किमान महिनाभर आधी कळवावं लागतं, आणि बदल तुमच्या तोट्याचा असल्याने तुम्हाला कार्ड परत करायचं असेल तर त्यासाठी वेगळा आकार घेता येत नाही. ॲक्सिसने सप्टेंबर 2023 मध्ये मॅग्नसची फी 10,000 वरून 12,500 केली आणि माफीची अट 15 लाखांवरून 25 लाखांवर नेली. तसा एसएमएस येतो तेव्हा आपण तो जाहिरात समजून सरकवतो. खरं तर राहायचं की जायचं, हे ठरवायची सगळ्यात मोकळी वेळ तीच असते.

शंकेखोर: एक गोष्ट मात्र मला तरीही खुपते. तुम्ही फोन करता, इंग्रजीत-हिंदीत अर्धा तास बोलता, कुठलं बटन दाबलं की माणूस भेटतो हे तुम्हाला ठाऊक आहे. तुमची फी सुटते. सिकंदराबादला राहणारी माझी आत्या गेली कित्येक वर्षं फी भरतेय. मॉलमधल्या स्टॉलवर 'लाइफटाइम फ्री' म्हणून तिच्या हातात कार्ड दिलं, तेही नुसतं तोंडी. तिला फीमाफी मागता येते हेच माहीत नाही. बोलणाऱ्याला सूट मिळते ती न बोलणाऱ्याच्या पैशातून. तुम्ही याला ग्राहकाचं शहाणपण म्हणता, मला ती गप्प बसणाऱ्यांवरची पट्टी वाटते.

हौशी: आत्याच्या बाबतीत माझ्याकडे उत्तर नाही, सल्ला आहे. 'आयुष्यभर फ्री' हे शब्द ईमेलवर किंवा अर्जावर लेखी नसतील तर ते बोललेच गेले नाहीत असं धरावं. आणि वापरत नसाल तर बंद करा. तेवढं तर गप्प राहूनही जमतं, ॲपमधून, वेबसाइटवरून किंवा ईमेलने. टपालाने अर्ज पाठवा, असा हट्ट बँकेला धरता येत नाही. पण मागणाऱ्यालाच मिळावं की सगळ्यांना एकच नियम असावा, यावर तुमचं म्हणणं मी खोडू शकत नाही. सगळ्यांना एकच नियम केला तर बँक बहुधा सूट काढूनच टाकेल, आत्याला मिळणार नाही आणि मलाही नाही. ते जास्त न्याय्य होईल का, मला सांगता येत नाही.

शंकेखोर: मलाही नाही. पण एवढं तरी मान्य करा की लक्ष्य आधी ठरवून खर्च मागून आखायचा नाही. उलट करायचं. कार्ड नव्हतं तेव्हा आपण वर्षात काय खर्च करत होतो ते लिहायचं, त्यातून त्या कार्डाच्या वगळलेल्या यादीतले खर्च खोडायचे, आणि उरलेला आकडा लक्ष्यापेक्षा मोठा असेल तरच फीचं कार्ड घ्यायचं.

हौशी: मान्य. आणि तुम्ही एवढं मान्य करा की लक्ष्य थोडक्यात चुकलेल्या, बिल नेहमी पूर्ण भरणाऱ्या माणसाने तो एक फोन न करणं हेही पैसे फेकणंच आहे.

शंकेखोर: तेवढं मान्य. वाचणाऱ्याने मात्र क्रम पाळावा. कार्ड मिळाल्याची तारीख आणि वगळलेल्या खर्चांची यादी आज एका कागदावर लिहावी. वर्ष संपायच्या महिनाभर आधी आकडा ईमेलने विचारावा. आणि फोन करायचाच तर फी दिसल्यापासून बिलाच्या शेवटच्या तारखेपर्यंतच्या दिवसांत करावा, कार्ड बंद झालं तरी चालेल असं मनाशी ठरवून. एवढी तयारी नसेल, तर 2,950 रुपये भरून गप्प बसणं पुष्कळदा स्वस्त पडतं.